एक टक्का वाचवायचा, पण घर नेमकं कुणाच्या नावावर?

नमस्कार ताई,
आम्ही पुण्यात महापालिका हद्दीत नव्या इमारतीत फ्लॅट घेतोय. करारनाम्याची किंमत 72 लाख आहे, पण वकील म्हणतात की सरकारी मूल्यांकन त्याहून जास्त येतंय. बुकिंगचा फॉर्म मी आणि माझा नवरा अशा दोघांच्या नावाने भरलाय. आता सेल्स ऑफिसमधली मुलगी म्हणते, फक्त तुमच्या एकटीच्या नावाने करार करा, एक टक्का वाचेल. नवऱ्याचा मित्र म्हणतो, दोघांची नावं ठेवली तरी निम्मी सवलत मिळते. कर्ज मुख्यतः त्याच्या पगारावर मिळणार आहे. सासूबाई त्यांच्या ठेवीतले 12 लाख देणार आहेत, त्यांना वाटतं की त्यांचंही नाव लागावं. सासरे नाहीत, एक नणंद आहे. नावं कशी लावू? आत्ता माझं एकटीचं लावून पुढे नवऱ्याचं घालता येईल का?
– एक वाचक, पुणे

नमस्कार,

आधी त्या मित्राचं बोलणं बाजूला ठेवूया, कारण त्यावर विसंबलात तर हिशेबच चुकेल. महाराष्ट्रात निम्मी सवलत असा प्रकारच नाही. दिल्लीत पती-पत्नीच्या संयुक्त नावाला मधला दर लागतो, तिथूनच ही ऐकीव माहिती इकडे येत असावी. आपल्याकडे 31 मार्च 2021 च्या आदेशाने, 1 एप्रिल 2021 पासून, महिलांना घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती मिळायला दस्तात घर विकत घेणाऱ्या सगळ्या व्यक्ती महिलाच असाव्या लागतात. एकटी महिला असो, मायलेकी असोत, की सासू-सून, सवलत मिळते. पण एकाही पुरुषाचं नाव खरेदीदार म्हणून आलं की ती पूर्ण जाते. त्याचा हिस्सा पाच टक्के लिहिला तरी जाते.

ही सवलत राहत्या घरापुरतीच आहे. फ्लॅट, रो-हाऊस, बंगला यांना ती मिळते, दुकान, ऑफिस किंवा मोकळ्या प्लॉटला मिळत नाही. सुरुवातीला तिला एक जाचक अट होती: सवलत घेऊन घेतलेलं घर त्या महिलेने पंधरा वर्षं कोणत्याही पुरुषाला विकायचं नाही, विकलं तर वाचलेली रक्कम दंडासकट भरायची. 2023 मध्ये ही अट काढून टाकली. तरी आजही काही एजंट ती सांगून घाबरवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता तुमचा आकडा मांडू. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. सरकारी मूल्य निघतं रेडीरेकनरवरून, म्हणजे दरवर्षीच्या बाजारमूल्य दर तक्त्यावरून. समजा तुमच्या फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र 70 चौरस मीटर आहे. त्याला 1.1 ने गुणून बांधीव क्षेत्र 77 चौरस मीटर धरतात. तुमच्या विभागाचा दर चौरस मीटरला 98,000 रुपये आहे असं समजलं, तर मूल्य येतं 75,46,000 रुपये. इमारत उंच असेल आणि तुम्ही वरच्या मजल्यावर असाल, तर लिफ्टच्या इमारतीत त्यात मजल्याप्रमाणे वाढ होते. म्हणून वकिलांकडून नुसता तोंडी आकडा घेऊ नका, मूल्यांकनाचा कागद मागा. विभाग क्रमांक, क्षेत्र आणि मजला या तीन गोष्टी त्यावर बरोबर आहेत का, एवढं स्वतः पाहा. चूक असते ती बहुधा यातल्याच एकीत.

पुणे महापालिका हद्दीत सध्याचा एकूण दर सात टक्के आहे. त्यात पाच टक्के मूळ मुद्रांक शुल्क, एक टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि एक टक्का मेट्रोचा अधिभार. महिलेची सवलत मूळ शुल्कातून मिळते, त्यामुळे पाचाचे चार होतात आणि एकूण दर सहा टक्क्यांवर येतो. तुमच्या 75,46,000 वर सात टक्क्यांनी 5,28,220 रुपये होतात. शुल्क वरच्या शंभरात पूर्ण करतात, म्हणजे भरायचे 5,28,300. महिलांच्याच नावाने घेतलं तर 4,52,760 होतात, म्हणजे भरायचे 4,52,800. फरक 75,500 रुपयांचा.

नोंदणी शुल्क वेगळं असतं. ते किमतीच्या एक टक्का, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये. तुमच्या बाबतीत ते 30,000 च येईल, आणि त्यात महिलांना काहीही सूट नाही. सेल्स ऑफिसमधल्या कोणी नोंदणीतही सवलत आहे असं सांगितलं तर ते खरं नाही. शिवाय प्रत्येक पानामागे दस्त हाताळणीचं थोडं शुल्क लागतं, ते किरकोळ आहे.

हे सगळे पैसे तुम्हाला स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतील. दहा लाखांवरच्या घरासाठी कर्ज किती द्यायचं ते ठरवताना बँक मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे 72 लाखांतल्या तुमच्या हिश्श्याखेरीज साधारण पावणेपाच ते साडेपाच लाख रोख तयार हवेत. अनेक कुटुंबं इथेच अडकतात आणि शेवटच्या आठवड्यात वैयक्तिक कर्ज काढतात.

आता मुख्य प्रश्न, नावाचा. 75,500 रुपये थोडे नाहीत, ते वाचवावेत असंच मी म्हणेन. पण ती रक्कम वाचते एकदाच आणि मालकी राहते पुढची कित्येक वर्षं. म्हणून आधी एक चौकशी करा: तुमचे यजमान प्राप्तिकराच्या कोणत्या प्रणालीत आहेत?

जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. पण ती घेण्यासाठी माणूस कर्जदार असून भागत नाही, तो घराचा मालक किंवा सहमालकही असावा लागतो. ते तीस टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर दोन लाखांच्या वजावटीने उपकरासह वर्षाला 62,400 रुपये कर वाचतो. त्यांचं नाव दस्तात नसेल, हप्ते तेच भरत असतील, तर ही वजावट त्यांना नाही, आणि हप्ते तुम्ही भरत नाही म्हणून तुम्हालाही नाही. दीड वर्षाच्या आतच मुद्रांकावर वाचवलेले 75,500 संपले आणि पुढे दरवर्षी तोटा. अशा घरात दोघांची नावं लावून सात टक्के भरणंच फायद्याचं.

ते नव्या प्रणालीत असतील तर चित्र उलटं होतं. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाहीच, त्यामुळे त्यांचं नाव दस्तात नसल्याने काही बुडत नाही. मग सवलत न घेण्याचं कारण उरत नाही. आज पगारदारांपैकी बरेच जण नव्या प्रणालीत आहेत, म्हणून मी हे विचारते आहे. त्यांच्या फॉर्म 16 मध्ये ते दिसेल. त्यांना तोंडी विचारू नका, पुष्कळ लोकांना स्वतःचं नीट माहीत नसतं.

नाव एकटीचं असूनही कर्ज त्यांच्या पगारावर मिळेल का? बहुतेक बँका देतात. बँकेचा आग्रह असतो की सगळे मालक कर्जदारही असावेत. पण प्रत्येक कर्जदार मालक असलाच पाहिजे, असा आग्रह बहुधा नसतो. यजमान सहकर्जदार म्हणून सही करतील, दस्तात त्यांचं नाव नसेल. करारनाम्याचा मसुदा ठरण्याआधी बँकेकडून हे लेखी घ्या. एक लक्षात ठेवा, बँक घर गहाण ठेवून घेते त्याचं मुद्रांक शुल्क वेगळं लागतं, ते महिलांच्या सवलतीत येत नाही.

पुढे त्यांचं नाव घालता येईल का, हे विचारलंत. येईल, पण फुकट नाही. आणि लोक समजतात तसं चूक-दुरुस्तीपत्राने तर मुळीच नाही. दुरुस्तीपत्र चुकलेलं नाव, क्षेत्र किंवा क्रमांक नीट करण्यासाठी असतं. नवा मालक आणणं हे हस्तांतरण आहे. त्यासाठी नवऱ्याला हिश्श्याचं बक्षीसपत्र करून द्यावं लागतं. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा, बायको किंवा मुलांच्या नावाने केलं, तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आणि नोंदणी शुल्कही 200 रुपये आहे. इथपर्यंत ऐकून सगळे खूश होतात. पण स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा असे दोन्ही अधिभार बक्षीसपत्रालाही लागतात. अर्धा हिस्सा दिलात तर 37,73,000 रुपयांच्या दोन टक्के, म्हणजे 75,460 रुपये. त्यात दोनदा दोनशे मिळवा. आज वाचवलेली रक्कम बरोब्बर तिथे परत जाते, शिवाय तेव्हाचा रेडीरेकनर वाढलेला असेल तर त्याहून जास्त जाते. घरावर कर्ज असताना बँकेची संमतीही लागते.

म्हणजे दोन-चार वर्षांत त्यांचं नाव घालायचंच आहे, अशी दोघांची मनोमन इच्छा असेल, तर आजच दोघांच्या नावाने करा. आत्ता वाचवून पुढे देण्यात काहीच उरत नाही. उलट, घर तुमच्याच नावावर राहावं असं दोघांना खरंच मान्य असेल, तरच एकटीच्या नावाचा मार्ग घ्या. तुमच्या नावावर घेतलेलं घर तुमचंच असतं, नवऱ्याने हप्ते भरले म्हणून ते आपोआप त्याचं होत नाही. उघड उत्पन्नातून पत्नीच्या नावाने घर घेणं बेनामी ठरत नाही, ती भीती नको.

यजमानांना काळजी वाटत असेल की उद्या काही बरं-वाईट झालं तर माझं काय, तर तुम्ही मृत्युपत्र करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमचा हिस्सा नवरा आणि मुलं यांच्यात समान वाटला जातो. पुढे सोसायटीत त्यांना नॉमिनी नेमाल, तेही ठीकच, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

सासूबाईंच्या बारा लाखांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नात्यांची ओढाताण होते ती इथेच. त्यांचं नाव लावलंत तरी सवलत जात नाही, दोघीही महिला. कायद्याने हा मार्ग मोकळा आहे आणि त्यांच्या मनालाही बरं वाटेल. पण त्यांच्या पश्चात त्यांचा हिस्सा मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या सगळ्या मुलांकडे जातो. म्हणजे तुमच्या नवऱ्याकडे आणि नणंदेकडे समान. नणंदेचा तो हक्क आहे, त्यात गैर काहीच नाही. फक्त घरात हे आधीच सगळ्यांना ठाऊक असावं. नाहीतर पुढे घर विकताना किंवा कर्ज बदलताना नणंदेची सही लागते आणि मग वाद होतात.

त्यांचं नाव लावायचं असेल तर हिस्सा दस्तातच लिहा. न लिहिता दोन नावं आली की, उलट पुरावा नसेल तर दोघींचा निम्मा-निम्मा हिस्सा धरला जाण्याची शक्यता असते. 72 लाखांत 12 लाख म्हणजे सोळा-सतरा टक्के. सोळा टक्के सासूबाईंचे, चौऱ्याऐंशी तुमचे, असं स्पष्ट वाक्य दस्तात येऊ द्या आणि त्यांचे पैसे त्यांच्या खात्यातून थेट बिल्डरच्या खात्यात जाऊ द्या. बँक त्यांना सहकर्जदार व्हायला सांगेल, आणि वयामुळे कर्जाची मुदत कमी करू शकते. ही अडचण मोठी वाटली तर दुसरा मार्ग असा: त्यांनी ते 12 लाख तुम्हाला बक्षीस म्हणून द्यावेत, दोन ओळींचं पत्र लिहून सही करून. सासूने सुनेला दिलेल्या अशा रकमेवर तुम्हाला प्राप्तिकर लागत नाही. पण मग त्या मालक नसतील, हे त्यांना तुम्ही समोर बसून सांगा, त्यांच्या होकाराशिवाय तसं करू नका.

माझं स्वतःचं मत विचारलंत तर: यजमान नव्या प्रणालीत असतील, तर घर तुम्ही आणि सासूबाई यांच्या नावाने, हिस्से लिहून. त्यांच्या पैशाला कागदावर जागा मिळते आणि 75,500 ही वाचतात. जुन्या प्रणालीत असतील, तर तुम्ही दोघं पती-पत्नी, आणि सासूबाईंच्या पैशाबद्दल आत्ताच लेखी ठरवून. तिसरं काही सुचवत नाही.

आता कागदांकडे वळा. बुकिंगचा फॉर्म दोघांच्या नावाने भरलाय, तो करार होण्याआधी बिल्डरकडून बदलून घ्या आणि वाटपपत्रही नव्या नावांनी मागा. बिल्डरच्या कार्यालयात मसुदा जुन्या फॉर्मवरून तयार होतो आणि यजमानांचं नाव खरेदीदारांत तसंच राहतं. करार नोंदवल्याशिवाय एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागायचा बिल्डरला अधिकार नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुद्रांक आणि नोंदणी शुल्क बिल्डरच्या खात्यात भरू नका. सरकारच्या ग्रास प्रणालीवरून ई-चलन काढून तुमच्या नावाने, तुमच्या पॅनसह थेट भरा. त्यासाठी वकिलाला सोबत घ्या, पण चलनावर पक्षकार, फ्लॅटचा पत्ता आणि रक्कम तुम्ही वाचून पाहा. मुद्रांक दस्तावर सही होण्याआधी भरलेला असावा, फार तर सहीनंतरच्या लगेचच्या कामाच्या दिवसापर्यंत. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो, त्यानंतर उशिराचा दंड लागतो, पण उगाच तितका वेळ काढू नका. चुकून सात टक्क्यांनी चलन काढलंत आणि दस्त फक्त महिलांच्या नावे झाला, तर जास्तीची रक्कम परत मागण्यासाठी सहा महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यात महिनोन् महिने जातात. म्हणून नावांचा निर्णय आधी, चलन नंतर. दस्त एकदा दोघांच्या नावे नोंदला की मग सवलत मागता येत नाही.

सवलतीसाठी वेगळा अर्ज लागत नाही. दस्तात घेणार महिला आहेत आणि 31 मार्च 2021 च्या आदेशानुसार सवलत घेतली आहे, असं एक वाक्य वकिलांकडून घालून घ्या. यजमान साक्षीदार म्हणून सही करू शकतात. खरेदीदारांच्या रकान्यात मात्र ते कुठेही नकोत, मान्यता देणार म्हणूनही नकोत.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा घेण्याआधी संगणकावर भरलेली माहिती तुम्हाला दाखवतात. घाई असते, मागे रांग असते, तरी ती वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. नंतर मिळते सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. तिच्यातल्या चार गोष्टी मुळातून तपासा: मोबदला 72,00,000, बाजारभाव 75,46,000, दस्तऐवज करून घेणाऱ्यांच्या रकान्यात फक्त ठरलेली नावं, आणि मुद्रांक शुल्क 4,52,800. मोबदला आणि बाजारभाव यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक निघाला असता तर तो तुमच्या उत्पन्नात धरून प्राप्तिकर लागला असता. तुमच्यात पाच टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे काळजी नाही. मूळ दस्त बँक ठेवून घेईल, म्हणून त्याची सगळी पानं आणि चलनाची प्रत त्याच दिवशी स्कॅन करून घ्या.